अमोघ शक्ती मिळाली तर

तुमच्या दारात म्हातारा ब्राह्मण येऊन अंगावरचं जन्मजात कवच मागू लागला, तर खुशाल कापून द्या. आधीच एका रात्री प्रत्यक्ष सूर्याने स्वप्नात येऊन ‘हा इंद्र आहे, देऊ नकोस’ असं बजावलेलं असलं तरी द्या. फक्त फुकट देऊ नका, बदल्यात काही मागा. हा सल्लाही सूर्याचाच. पोरगं ऐकणार नाही हे दिसल्यावर बापाने सांगितला.

कर्णाने मागितली इंद्राची वासवी शक्ती. आता ती घेताना अटी ऐका, पण मनावर घेऊ नका. आपल्याकडे कर्जाच्या कागदावर अंगठा देताना कोण वाचतं? इंद्राने सगळं तोंडावर सांगितलं होतं. माझ्या हातून ही शेकडो शत्रू मारून परत माझ्याकडे येते. तुझ्या हातून एकच मारेल आणि माझ्याकडे परत येईल. दुसरी शस्त्रं हाताशी असताना, जिवावर बेतलेलं नसताना सोडलीस, तर तुझ्यावरच पडेल. आणि ज्याच्यासाठी तू ही घेतोयस त्याला राखणारा कृष्ण आहे. दुकानदाराने मालाची एवढी खोड सांगितल्यावर गिऱ्हाईक उठून जातं. कर्ण म्हणाला, मला एकच मारायचाय.

यानंतर अस्त्र जपून ठेवायचं. कसं, ते आमच्या तात्यांकडून शिका. परभणीकडचं आमचं गाव. तात्यांच्या माजघरात सोयाबीनची थप्पी छपराला टेकलेली. मोंढ्यातून कुणीही आलं की विचारणार, “तात्या, काढा की आता.” तात्या कट्ट्यावर थाप मारून म्हणणार, “थांब जरा. भाव चढायलाय.” घरातल्यांनी पोत्यांना वळसा घालून देवघरात जायचं, पण माल काढायचा नाही.

कर्णाचंही तेच. गोग्रहणाच्या वेळी अर्जुन समोर होता, शक्ती मिळालेली होती, आणि कर्ण घायाळ होऊन मैदान सोडून गेला. पुढे युद्धात तर रोज रात्री बैठक. दुर्योधन, शकुनी, दुःशासन आणि खुद्द संजय सांगायचे, कर्णा, उद्या अर्जुनावर नाहीतर कृष्णावर सोड. ठरायचं. सकाळ झाली की सगळेच विसरायचे. संजय हे दैवावर ढकलतो, तर कृष्ण सात्यकीला सांगतो की कर्णाला भुरळ मीच घालत होतो. धृतराष्ट्र संजयालाच विचारतो, तू तरी आठवण का केली नाहीस? आमच्या पारावरच्या बैठकांना दैवही लागत नाही न् कृष्णही. रात्री ठरलेलं सकाळी चहाबरोबर उतरतं.

पण माझं ऐकाल तर विसरले तेच बरं. अट पुन्हा आठवा. सकाळी सकाळी, भाता भरलेला असताना, अंगावर ओरखडा नसताना शक्ती सोडली असती तर ती फिरून कर्णावरच आली असती. अर्जुनावर सोडायची तर आधी अर्जुनाने कर्णाला मरणाच्या दारात न्यायला हवं. आणि शक्ती जवळ आहे तोवर कृष्ण अर्जुनाचा रथ कर्णासमोर नेणार नव्हता. इतकी वर्षं जपलेला माल, आणि ठरलेलं गिऱ्हाईक मोंढ्याची पायरीच चढणार नाही!

मग आली चौदाव्या दिवसाची रात्र. जयद्रथ दिवसा पडला होता, लढाई दिवसानंतरही थांबली नव्हती, आणि रात्र ही राक्षसांची वेळ. कृष्णाने घटोत्कचाला कर्णावर धाडलं. घोडे मेले, अस्त्रं चालेनात, फौज पळायला लागली. ओरडणाऱ्यांत रोज रात्री ‘उद्या अर्जुनावर सोड’ म्हणणारेही होते. आता म्हणत होते, सोड, आत्ताच सोड, उरलो तर पुढचं पुढं. तेव्हा कर्णाने सोडली. एकूण एक अटी पाळून सोडली, हे कुणी सांगत नाही. घटोत्कच पडला, पडता पडता कौरवांच्या अक्षौहिणीभर सैन्यावर पडला. पांडव रडत होते आणि कृष्ण अर्जुनाला मिठी मारून नाचत होता. सतराव्या दिवशी कर्णाचं चाक रुतलं तेव्हा शक्ती कधीच इंद्राकडे पोचलेली होती.

तात्यांचा सोयाबीन गेला तो असाच. रात्री काकूंच्या छातीत कळ आली, गाडी करून शहरात न्यावं लागलं, दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले. पहाटे व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावात थप्पी उचलली गेली. काकू घरी आल्या. महिन्याभराने भाव चढला. तुम्हीही असंच करा, म्हणजे चढलेला भाव ऐकून लोक पारावर तुम्हाला अक्कल शिकवायला मोकळे.

यंदाच्या सप्त्यात कीर्तनाला हाच प्रसंग होता. बुवा म्हणाले, कर्णाने ऐनवेळी घाई केली. तात्या मागून उठले, “महाराज, मग त्या रात्री करायचं काय होतं त्यानं?”

बुवांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, उपरणं नीट केलं आणि टाळकऱ्यांकडे बघून म्हणाले, “पुंडलिक वरदे...”