पंधरा मिनिटांचा आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

कोडिंगशिवाय चौकशीची सूचना फोनवर कशी आणायची, यावर मी एक लेख लिहिला होता: जॉटफॉर्म या ऑनलाइन फॉर्मच्या सेवेवर कोणी फॉर्म भरला की झॅपियर, म्हणजे दोन सेवा आपोआप जोडून देणारी सेवा, पुशओव्हर या सूचनांच्या ॲपमधून फोन वाजवते. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: «ताई, लेख वाचला. ‘फॉर्म भरला की लगेच फोन वाजतो’ हे साफ खोटं आहे. मी जीमेलमधून झॅपियर जोडून पाहिलं, सूचना बारा मिनिटांनी आली. फुकटच्या प्लॅनवर झॅपियर दर पंधरा मिनिटांनीच तपासतं, हे तुम्ही लपवलंत. ॲप्स स्क्रिप्टच्या दहा ओळींत हेच काम फुकट होतं. शिवाय लोकांचे नंबर परदेशी सर्व्हरवर जातात ते वेगळंच. ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी असे लेख लिहून लोकांची दिशाभूल करू नये.»

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी वर ठेवली आहे, एक शब्दही गाळलेला नाही. ‘मला बारा मिनिटं लागली, असं का झालं?’ एवढंच विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि वर आभारही मानले असते. पण तुम्ही ‘साफ खोटं’ आणि ‘लपवलंत’ असे शब्द वापरलेत. ते जिव्हारी लागले. चूक काढणं वेगळं आणि माणसाच्या हेतूवर बोट ठेवणं वेगळं.

तुम्ही विचारलेलं नसलं तरी आधी माझं जे चुकलं ते मान्य करते. पुशओव्हर हे ॲप पहिले 30 दिवसच फुकट असतं, नंतर ते एकदा विकत घ्यावं लागतं. लेखात हे शेवटच्या परिच्छेदात आलंय, ते वर असतं तर बरं झालं असतं. आता वर घेतलंय.

आता त्या पंधरा मिनिटांबद्दल. झॅपियरमध्ये ट्रिगर, म्हणजे ज्यावरून पुढचं काम सुरू होतं ते, दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत झॅपियर स्वतः ठरावीक वेळाने समोरच्या सेवेकडे जाऊन ‘नवीन काही आलंय का?’ असं विचारतं. फुकटच्या प्लॅनवर ही फेरी दर 15 मिनिटांनी होते, पैसे भरले की ती 2 मिनिटांवर येते. जीमेलचा नवीन ईमेलचा ट्रिगर या तऱ्हेचा आहे. तुमचा ईमेल फेरी होऊन गेल्यावर तीनेक मिनिटांनी आला असेल, तर पुढच्या फेरीपर्यंत बारा मिनिटं जाणारच. झॅपियरने त्याचं काम नेमानेच केलं.

दुसऱ्या तऱ्हेत विचारायला कोणी जातच नाही. झॅप, म्हणजे झॅपियरमध्ये आपण केलेली जोडणी, चालू केल्याक्षणी झॅपियर फॉर्मच्या सेवेकडे एक पत्ता नोंदवून ठेवतं, आणि कोणी ‘सबमिट’ दाबलं की फॉर्मच ती माहिती त्या पत्त्यावर ढकलतो. याला वेबहूक म्हणतात. ट्रिगर निवडताना अशा ट्रिगरपुढे Instant असं लिहिलेलं दिसतं. जॉटफॉर्मचा New Submission असा आहे, टाइपफॉर्मचा New Entry असा आहे. इथे पंधरा मिनिटांच्या फेरीचा संबंधच येत नाही, प्लॅन फुकटचा असला तरीही. माझ्या लेखात जॉटफॉर्म होता, पायरी दोनमध्ये Instant हा शब्द पाहून घ्या असं लिहिलं होतं, आणि चित्रात त्याभोवती लाल चौकट होती. तुम्ही फॉर्म आणि झॅपियर यांच्यामध्ये जीमेल आणून बसवलंत, आणि त्याला लागलेला वेळ माझ्या नावावर टाकलात. पाककृतीत बदल करून पदार्थ बिघडला म्हणून लिहिणाऱ्याला खोटारडं ठरवायचं, यातलाच हा प्रकार.

‘ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी’ असं जे लिहिलंत, त्याचंही उत्तर देते. आमचं सांगलीजवळ मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. यजमान आणि दोन कारागीर वाइंडिंगचं बघतात, बाकी सगळं माझ्याकडे. शेतकऱ्याची मोटर जळते ती थ्री फेज लाइट असते तेव्हा, म्हणजे कधी पहाटे, कधी रात्री. पीक उभं असतं, मोटर काढणारी माणसं बोलवायची असतात, आणि जो आधी फोन उचलेल त्याच्याकडे मोटर जाते. पूर्वी आमच्या वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म नुसता ईमेल पाठवायचा. तो ईमेल मी संध्याकाळी हिशेबाला बसले की उघडायची, आणि फोन केला की ऐकायला मिळायचं, ‘ताई, मोटर कवाच दिली दुसरीकडं.’ तुमच्यासाठी हा तांत्रिक वाद आहे. आमचा त्यावर महिना चालतो.

म्हणून मी शोध घेत बसले, आणि जे जमलं ते लिहिलं. आता प्रत्येक दुरुस्त मोटरच्या स्टार्टर पेटीवर आम्ही क्यूआर कोडचं स्टिकर चिकटवतो. तो स्कॅन केला की जॉटफॉर्मचा फॉर्म उघडतो. त्यात गाव, मोबाइल नंबर, किती एचपी, विहीर की बोअर, आणि काय झालंय, एवढंच. झॅप दोनच पायऱ्यांचा आहे: ट्रिगर जॉटफॉर्मचा, कृती पुशओव्हरची. पुशओव्हरच्या Title मध्ये मी गाव आणि एचपी टाकते, Message मध्ये सगळ्यात आधी मोबाइल नंबर आणि मग बाकीचं. त्यामुळे फोन न उघडताही ‘कवठेमहांकाळ, 7.5 एचपी’ एवढं वर दिसतं, आणि कोणती मोटर, किती लांब, हे यजमानांना हात धुता धुता कळतं. Priority मी High ठेवते, कारण पुशओव्हरमध्ये रात्रीची शांत वेळ लावलेली असली तरी ती ओलांडून अशी सूचना वाजते. रात्रीच्या लाइटला जळलेली मोटर सकाळी कळून आम्हाला उपयोग नाही.

हे सगळं करूनही सूचना उशिरा येऊ शकते, आणि तुम्हाला खरंच शोधायचं असतं तर ते कारण सापडलं असतं. तीन ठिकाणच्या वेळा शेजारी शेजारी मांडायच्या. फॉर्म भरल्याची वेळ जॉटफॉर्मच्या तक्त्यात दिसते. झॅप चालल्याची वेळ झॅपियरच्या Zap History मध्ये दिसते. सूचना आल्याची वेळ फोनवर दिसते. पहिल्या दोन वेळांमध्ये अंतर असेल तर ट्रिगर फेऱ्या मारणारा आहे, तो बदला. पहिल्या दोन जुळतात आणि तिसरी मागे पडते, तर अडलंय फोनमध्ये.

आमच्याकडे एकदा असंच झालं. Zap History मध्ये रात्री सव्वादहा, आणि फोनवर सूचना आली ती सकाळी स्क्रीन उघडल्यावर. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने पुशओव्हरला झोपवून ठेवलं होतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये Apps, त्यात Pushover, त्यात Battery, आणि तिथे Unrestricted असं केलं. काही फोनमध्ये Autostart म्हणून वेगळं बटण असतं, तेही चालू करावं लागतं. ही गोष्ट झॅपियरमध्ये कितीही शोधली तरी सापडणार नाही, कारण तिथे हिरवी खूण असते.

आणि Zap History मध्ये नोंदच नसेल तर? मग आधी पाहायचं की झॅप Publish केलाय का. चाचणी करताना झॅपियर एक जुनी नोंद घेऊन कृती खरोखर करून दाखवतं. फोन वाजतो, आणि माणसाला वाटतं की झालं काम. पण Publish दाबेपर्यंत नवीन फॉर्मची माहिती येणार नाही. Publish केलंय आणि तरी शांत आहे, तर जॉटफॉर्ममध्ये त्या फॉर्मच्या Settings मध्ये Integrations खाली वेबहूकची यादी बघायची. तिथे hooks.zapier.com ने सुरू होणारा पत्ता असायला हवा. ‘हे काय भलतंच’ म्हणून कोणी तो काढून टाकला असेल, तर झॅप चालू दिसेल आणि फोन मात्र वाजणार नाही. अशा वेळी झॅप एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा, म्हणजे पत्ता नव्याने नोंदवला जातो. मधल्या वेळेत आलेल्या चौकशा मात्र जॉटफॉर्ममध्ये जाऊन हाताने बघाव्या लागतात.

आणखी एक, जे तुमच्या प्रतिक्रियेत नाही पण इतरांनी ईमेलवर विचारलंय. फॉर्ममध्ये नवीन प्रश्न घातला तर तो झॅपियरच्या यादीत आपोआप दिसत नाही. आधी स्वतः एकदा नवा प्रश्न भरून फॉर्म पाठवायचा, ट्रिगरच्या चाचणीत ती ताजी नोंद घ्यायची, मग तो रकाना Message मध्ये टाकता येतो. आम्ही ‘बोअर किती फूट’ हा प्रश्न नंतर घातला, तेव्हा हेच करावं लागलं.

मर्यादा मी लपवल्या म्हणता, तर त्या पुन्हा लिहिते. फुकटच्या प्लॅनवर महिन्याला 100 टास्क मिळतात. एक सूचना म्हणजे एक टास्क, ट्रिगरचा टास्क मोजला जात नाही. जॉटफॉर्मच्या फुकटच्या खात्यावरही महिन्याला 100 फॉर्म येतात. आमच्या धंद्याला हे पुरतं. फॉर्मवर कॅप्चा मात्र लावाच, कारण रिकामटेकड्या बॉटने फॉर्म भरायला सुरुवात केली की हे 100 बघता बघता संपतात, आणि ते गाळायला झॅपमध्ये फिल्टर घालावा तर तिसरी पायरी होते, जी फुकटच्या प्लॅनवर चालत नाही. हे सगळं मूळ लेखातही होतं. वाचला असतात तर दिसलं असतं.

ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे गूगलच्या सेवांमध्ये कोड लिहून काम करून घेण्याची सोय, त्याबद्दल मी वाद घालत नाही. ज्याला येतं त्याने जरूर करावं. लेखाच्या नावातच ‘कोडिंगशिवाय’ असं होतं, आणि तो आमच्यासारख्यांसाठी होता. त्या दहा ओळी रात्री अकरा वाजता अडल्या तर आमच्याकडे बघायला कोण येणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. परदेशी सर्व्हरचं म्हणाल तर तुमची ती प्रतिक्रियाही तिकडूनच आली. आम्ही फॉर्मवर आधार नंबर मागत नाही, बँकेचा तपशील मागत नाही, काम झालं की जुन्या नोंदी काढून टाकतो. यापेक्षा जास्त या विषयावर मला बोलायचं नाही.

दादा, आता तुम्हीच एक करा. मधलं जीमेल काढा, जॉटफॉर्मचा New Submission थेट जोडा, एक फॉर्म भरा, आणि वर सांगितलेल्या तिन्ही वेळा इथे खाली लिहा. तरीही बारा मिनिटं लागली तर आपण दोघं मिळून कारण शोधू, मी कुठेही पळून जात नाही. पण त्या तीन वेळा लिहिल्याशिवाय ‘खोटं’ हा शब्द पुन्हा आला, तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.