डिसेंबरचं मूल ‘कच्चं’ नसतं, लहान असतं

“नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं उपजतच चंचल आणि अभ्यासात कच्ची असतात, हे परदेशात सिद्ध झालंय. वेळीच एडीएचडीची औषधं सुरू करा, नाहीतर एक वर्ष उशिरा शाळेत घाला. जनहितार्थ पुढे पाठवा.”

हा मेसेज परवा रात्री माझ्या बहिणीला आला आणि ती रडत फोनवर आली. तिचा मुलगा २८ डिसेंबरचा, पहिलीत आहे. ‘वर्गात लक्ष नसतं’ असा शेरा त्याच आठवड्यात डायरीत आला होता.

“उपजत” म्हणे! महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. वर्षातून एकदाच, जूनमध्ये वर्ग भरायचा तर रेघ कुठेतरी मारावीच लागते. त्यामुळे भाचा पहिलीत गेला तेव्हा साडेपाचचा होता आणि त्याच बाकावरची जानेवारीतली मुलगी साडेसहाची. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. इंग्लंडमध्ये रेघ १ सप्टेंबरला आहे, म्हणून तिथे वर्गात सगळ्यांत लहान असतात ती ऑगस्टची मुलं. डिसेंबरची मुलं तिथे लहानांत मोडतच नाहीत. मग उपजत काय आहे?

औषधांचा सल्ला वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण त्या “परदेशातल्या” संशोधनाचा अर्थ नेमका उलटा आहे. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या चार लाखांवर मुलांचा अभ्यास आला. जिथे रेघ १ सप्टेंबरची, त्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर दहा हजार मुलांमागे सुमारे ८५ जणांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, निदान झालं होतं, सप्टेंबरच्या मुलांत सुमारे ६४ जणांना. जिथे ही रेघ नाही, तिथे हा फरक दिसला नाही. म्हणजे काही मुलांचं निव्वळ लहानपण आजार म्हणून नोंदलं जात असणार. एडीएचडी खरा आजार आहे. पण त्याच्या निदानाला लक्षणं किमान सहा महिने, शाळेत आणि शाळेबाहेरही दिसावी लागतात, आणि तुलना त्याच वयाच्या मुलांशी करावी लागते, त्याच इयत्तेतल्या नव्हे.

अभ्यासात लहान मुलं मागे पडतात, हे मात्र मला मान्य करावं लागेल. बऱ्याच देशांतल्या चाचण्यांत चौथीला हा फरक दिसतो, आठवीतही थोडा उरतो, पण कमी झालेला असतो.

वर्षभर थांबवण्याबद्दल एवढंच: एक मूल थांबलं की वर्गात दुसरं कोणीतरी सगळ्यांत लहान ठरतं. नॉर्वेतल्या मुलांची अठराव्या वर्षाच्या आसपास बुद्धिमापन चाचणी झाली, तेव्हा शाळा उशिरा सुरू केल्याचा फायदा तिथे दिसला नाही.

बहिणीला मी सांगितलंय की उद्या बाईंना एवढंच विचार: वर्गातल्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या इतर मुलांच्या मानाने हा कसा आहे?