‘वैयक्तिक कारण’ लिहून पीएचडीची बदली होत नाही

“पीएचडीच्या मध्येच ॲडव्हायजर आणि युनिव्हर्सिटी बदलायची असेल तर एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, कारण लिहूच नका, फार तर ‘वैयक्तिक कारण’ म्हणा. जुन्या ॲडव्हायजरचं नाव काढू नका, त्यांच्याकडे शिफारसपत्रही मागू नका. जमलं तर जुन्या ठिकाणची दोन वर्षं अर्जातून गाळूनच टाका. कारण काहीही लिहिलं तरी तो कुणावर तरी आरोपच ठरतो.”

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलांमध्ये हा सल्ला तोंडोतोंडी फिरतो आहे. मी तिथल्याच एका विभागात शिकवते, प्रवेशाचे अर्ज वाचते, आणि माझी स्वतःची पीएचडीही दोन युनिव्हर्सिट्यांत झाली. या सल्ल्यापायी चांगल्या मुलांचे अर्ज बाजूला पडताना पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक भाग शेवटून दुसरा आहे, त्याच्यापासून सुरुवात करते. आधी शिकलेल्या प्रत्येक संस्थेचं नाव आणि गुणपत्रक द्या, असं अर्जात विचारलेलं असतं आणि दिलेली माहिती पूर्ण आहे म्हणून तुम्ही त्याखाली सही करता. दोन वर्षं लपवली आणि ते नंतर उघडकीला आलं, तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर असाल तर लपवण्याची सोयही नाही. सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदप्रणालीतली तुमची नोंद जुन्या युनिव्हर्सिटीचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय ठरलेल्या तारखेला नव्या ठिकाणी सोडतं, मगच आय-२० हा व्हिसासाठी लागणारा दाखला नव्या ठिकाणाहून मिळतो. शिवाय ‘बदली’ हा शब्द आपण वापरतो तेवढाच. बहुतेक विभागांत हा नवा अर्जच असतो. कोर्सवर्कपैकी किती मान्य करायचं ते नवा विभाग ठरवतो, आणि क्वालिफाइंग परीक्षा बहुधा परत द्यावी लागते. ‘ती परत द्यायची माझी तयारी आहे’ एवढं एक वाक्य अर्जात असलं, तरी वाचणाऱ्याला कळतं की या विद्यार्थ्याने चौकशी केलेली आहे.

आता ‘वैयक्तिक कारण’. आमच्या हातात गुणपत्रक असतं. दोन वर्षं नीट, क्वालिफाइंग पास, आणि पुढे काहीच नाही. हे दिसलं की टेबलाभोवती तेच प्रश्न निघतात. फंडिंग काढून घेतलं का? प्रयोगशाळेत काही गैरप्रकार झाला का? आपल्याकडूनही दोन वर्षांनी जाईल का? कारण घरचं असेल, म्हणजे जोडीदाराची नोकरी किंवा आजारपण, तर तसं एका ओळीत लिहा, कुणी खोदून विचारत नाही. पण कारण संशोधनातलं असताना त्यावर पांघरूण घातलं, तर वाचणारा वाईटात वाईट तेच धरून चालतो.

राहिला आरोपाचा मुद्दा. तो मला पटत नाही, आणि का ते माझ्या भाचीच्या मसुद्यावरून सांगते. ती हवेतले बारीक धूलिकण मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरवर काम करत होती. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त धूळ दाखवतो. ही चूक कशी दुरुस्त करायची, हा तिचा प्रश्न. अनुदान संपलं, प्रयोगशाळा उपग्रहांच्या नोंदींकडे वळली, आणि ॲडव्हायजरची भेट चार-चार महिने मिळेना. तिने पहिल्यांदा लिहिलं होतं (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगते आहे):

“माझ्या ॲडव्हायजरनी प्रकल्पातला रस काढून घेतला आणि मार्गदर्शनाअभावी माझं वर्ष वाया गेलं. आता मला पाठीशी उभा राहणारा ॲडव्हायजर हवा आहे.”

आम्ही दोघी फोनवर दीड तास बसलो. प्रत्येक वाक्याला एकच कस लावला: हे वाक्य जुन्या ॲडव्हायजरसमोर ठेवलं तर ते ‘हो, असंच झालं’ म्हणतील का? अनुदान कधी संपलं, याला ते हो म्हणतील. प्रयोगशाळा कुठे वळली, यालाही. ‘रस काढून घेतला’ याला नाही, कारण तो त्यांच्या मनातला भाग झाला. ‘पाठीशी उभा राहणारा’ हे शब्द वरून सौम्य दिसतात, पण तोही आरोपच, आधीचा उभा राहिला नाही असंच त्यातून ऐकू येतं. शेवटी परिच्छेद असा झाला:

“माझं पहिल्या दोन वर्षांचं काम दमट हवेत स्वस्त सेन्सर किती चुकतात यावर होतं. ज्या अनुदानातून ते चालत होतं ते ऑगस्टमध्ये संपलं, आणि आमच्या प्रयोगशाळेचा पुढचा भर उपग्रहांच्या नोंदींवर आहे. माझा प्रश्न अजून प्रयोगाचा आहे. त्यासाठी आर्द्रता हवी तशी राखता येणारी चाचणीची पेटी लागते, ती तुमच्या विभागात आहे. माझ्या ॲडव्हायजरना या अर्जाची कल्पना आहे आणि त्यांचं पत्र सोबत आहे. मोजमापात काटेकोर कसं राहायचं हे मी त्यांच्याकडे शिकले.”

शेवटचं वाक्य तिने आपणहून घातलं, आणि ते खरं होतं म्हणूनच मी राहू दिलं. खोटी स्तुती किंवा ‘आम्ही दोघांनी मिळून ठरवलं’ असली थाप घालू नये. पत्रात वेगळं काही निघालं तर अर्ज तिथेच संपतो. न मिळालेल्या भेटींबद्दल तिने काही लिहिलं नाही. ‘तुमच्या गटाची दर आठवड्याला बैठक होते, ती पद्धत मला मानवते’ एवढंच घातलं, तेही त्या गटात खरंच बैठक होते हे विचारून घेतल्यावर. हा परिच्छेद तिने पहिला ठेवला नव्हता. आधी प्रश्न आणि केलेलं काम, मग हा, आणि पुढे नव्या ठिकाणचा बेत. दोन पानांत याला एवढी जागा पुरते.

पत्राबद्दलही सांगायला हवं. एकेका विषयातली माणसं मोजकी असतात, एकमेकांना ओळखतात. पत्र नसलं तर आमच्यातलं कुणीतरी फोन लावतंच, आणि तुम्ही अर्ज केलाय हे ॲडव्हायजरना परक्याकडून कळतं. म्हणून आधी आपण सांगावं. ते पत्र द्यायला तयार नसतील, किंवा मागण्यासारखी परिस्थितीच नसेल, तर प्रबंध समितीतल्या दुसऱ्या प्राध्यापकांचं पत्र घ्या. विभागातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या संचालकांकडून ‘विद्यार्थ्याचं काम समाधानकारक आहे’ असं लेखी घ्या. छळ किंवा गैरवर्तन झालं असेल तर त्याची तक्रार जरूर करा, पण ती युनिव्हर्सिटीच्या संबंधित कार्यालयात, लैंगिक छळ असेल तर टायटल नाइन कार्यालयात. अर्ज वाचणाऱ्यांना तिचा निवाडा करता येत नाही. एसओपीत तेव्हा ‘ती मार्गदर्शनाची व्यवस्था अमुक महिन्यात संपली’ इतकंच लिहिलं तरी ते खरंच असतं.

एक गोष्ट मात्र त्या सल्ल्यात आलीच नाही, आणि भाचीचं घोडं जवळजवळ तिथेच अडलं होतं. अनुदानातून गोळा झालेल्या नोंदी सहसा युनिव्हर्सिटीच्या असतात, विद्यार्थ्याच्या नाही. तिने मसुद्यात न छापलेला एक आलेख घातला होता. तो काढायला लावला आणि आधी परवानगीची मेल पाठवायला सांगितली. उत्तर दोन दिवसांत आलं: आलेख नको, पद्धतीचं वर्णन चालेल, आणि जुन्या नोंदींवरचा पेपर दोघांच्या नावाने निघेल. ते तिने तसंच अर्जात लिहिलं, कुठलं काम तिथे राहणार आणि कुठलं सोबत येणार यासकट.