0.588 दोन टोकांच्या मध्यावर का नाही

वाचकाची प्रतिक्रिया: "मॅडम, सोलापूरच्या कार्यशाळेत काढलेल्या फोटोवरून आपण हॅझार्ड रेशो 0.588 आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.4237 ते 0.816 असे लिहिले आहे. या टोकांचा मध्य 0.62 येतो, म्हणजे वाचताना एखादा आकडा नक्की चुकला आहे. शिवाय त्याच ओळीत 1.701 स्पष्ट दिसतो. तो का सोडला?"

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. पडद्याचा फोटो वाचताना 8 चा 6 सहज होतो आणि त्या फोटोत तर नेमक्या `upper .95` च्या रकान्यावर खिडकीतून आलेल्या दुपारच्या उन्हाची तिरीप पडली आहे. मात्र कॉक्स मॉडेल इंटरव्हल बांधते ते हॅझार्ड रेशोच्या लॉगॅरिदमवर, आणि मग टोके घातांकाने मूळ मापावर आणते. त्यामुळे रेशो टोकांच्या बेरजेच्या निम्म्यावर नसतो, तर त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर असतो. 0.4237 ला 0.816 ने गुणून वर्गमूळ काढा, 0.588 येते. उन्हाखालचा आकडा 0.616 असता, तर 0.511 आले असते. फोटोच्या वरच्या भागात `coef` -0.5310 आणि `se(coef)` 0.1672 आहेत; त्यांवरूनही तीच टोके मिळतात:

```
exp(-0.5310 - 1.96 * 0.1672)  # 0.4237
exp(-0.5310 + 1.96 * 0.1672)  # 0.816
```

1.701 हा `exp(-coef)` या रकान्यातला आकडा आहे, म्हणजे 0.588 चा व्यस्त. तो चुकीचा नाही, पण त्याची तुलना उलट्या दिशेची आहे आणि शेजारचा इंटरव्हल त्याचा नाही. त्याला हवा असलेला इंटरव्हल टोके उलटी करून सुमारे 1.23 ते 2.36 असा येतो. फोटोत `coef` पुढचे उणे चिन्ह पुसट झाले, तर घातांक 1.701 च येईल आणि तो तक्त्यात सापडल्यामुळे वाचणाऱ्याला आपले बरोबर आहे असे वाटेल. अशा वेळी जो रेशो इंटरव्हलच्या आत बसतो, तोच त्या ओळीचा मानावा.

दिशा कोणती, हे मात्र कोणत्याही गणिताने कळत नाही. हा तक्ता आर सोबत मिळणाऱ्या `lung` या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या माहितीसंचावरचा आहे. त्यात `sex` मध्ये पुरुषांना 1 आणि स्त्रियांना 2 हा अंक आहे, म्हणून 0.588 हे स्त्रियांचे पुरुषांशी प्रमाण ठरते. ही नोंद फोटोत नाही. ती मी लेखातच द्यायला हवी होती.

आपण न दाखवलेली एक चूक मला उत्तर लिहिताना सापडली. "स्त्रियांमध्ये मृत्यू 41 टक्क्यांनी कमी" असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात 138 पुरुषांपैकी 112 आणि 90 स्त्रियांपैकी 53 दगावल्या, म्हणजे साधारण 81 आणि 59 टक्के. ही घट 41 टक्क्यांची नाही. हॅझार्ड रेशो त्या त्या क्षणापर्यंत जिवंत असलेल्यांच्या मृत्यूदरांची तुलना करतो, आणि ते प्रमाण सर्व काळ सारखे राहते असे धरून. लेखातले वाक्य त्याप्रमाणे बदलले आहे.