मध्ययुगीन लंडनमध्ये बेकरी टाकायचीय? मग हे वाचून घ्या

चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये बेकरी टाकून झटपट श्रीमंत व्हायचं असेल तर पहिला सल्ला, घाई नको. आधी एखाद्या मालकाकडे किमान 7 वर्षं शिकाऊ म्हणून राहा, त्याच्याच घरात झोपा, तो देईल ते खा, लग्न नाही, जुगार नाही, आणि पगार वगैरे विचारूच नका, तुम्ही शिकताय ना! तेवढं सगळं निभावलं की मग बेकरांच्या संघटनेत, म्हणजे गिल्डमध्ये घेतील आणि शहरात स्वतःच्या नावाने दुकान लावता येईल. बाहेरून आलेल्या कुणी उगाच ओव्हन पेटवून तुमचं गिऱ्हाईक पळवू नये हाही त्यातला हेतू होताच, पण तो मोठ्याने बोलायचा नाही.

आता भाव. भाव वाढवायची चिंता तुम्हाला नाहीच, कारण तुम्हाला वाढवताच येत नाही. पाव अर्ध्या पेनीचा किंवा चतुर्थांश पेनीचा, किंमत कायम, गहू महागला की पावाचं वजन कमी करायचं आणि स्वस्त झाला की वाढवायचं, आणि ते वजनही सरकारी तक्त्यावरून, तुमच्या मनाने नाही. साधारण 200 किलो गव्हामागे तुमचा नफा 4 पेन्स, वर कोंडा तुमचा. मजा करा.

इथे वजनात थोडा काटा मारावा असं वाटेल, पण प्रत्येक पावावर तुमचा शिक्का असतो, त्यामुळे हलका पाव सापडला की तो कुणाचा हे विचारत फिरावं लागत नाही. पहिल्या वेळी तो पाव गळ्यात बांधून तुम्हाला शहरातल्या सगळ्यात घाण आणि गर्दीच्या रस्त्यांवरून फरफटत नेतात, दुसऱ्यांदा खोड्यात उभं करतात, तिसऱ्यांदा ओव्हनच पाडतात आणि धंदा कायमचा बंद.

एवढं असूनही डोकं चालवायचंच असेल तर 1327 मधल्या जॉन ब्रिडचा आदर्श घ्या. लोक घरून कणीक मळून त्याच्या भट्टीत भाजायला आणायचे, आणि याने काय केलं, फळीला एक भोक पाडलं, त्याला उंदराच्या सापळ्यासारखं झाकण बसवलं आणि खाली एका नोकराला बसवलं. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघतंय, कणीक फळीवर, आणि खालून नोकर हळूच एकेक गोळा काढतोय! असे आणखीही बरेच बेकर सापडले. ज्यांच्या फळीखाली कणीक मिळाली त्यांना ती गळ्यात अडकवून खोड्यात घातलं. त्यामुळे तपासणीच्या आधी फळीखालची जागा झाडून घ्या. तशी ज्यांच्याकडे फक्त भोक सापडलं, कणीक नाही, त्यांनाही खोड्यात घातलंच, फक्त गळ्यात काही नव्हतं, मान तरी मोकळी. आणि हो, दोघी बेकर बायकाही सापडल्या तेव्हा त्या म्हणाल्या की हे सगळं नवऱ्यांचं काम, आमचा संबंध नाही. त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं.