‘तोटा दिसला की बंद’: क्विझच्या एका सूत्राचा प्रतिवाद

“मॅनेजेरियल इकॉनॉमिक्सच्या क्विझसाठी एवढंच पाठ करा. घटतं प्रतिफल सुरू झालं की उत्पादन घटतं आणि सरासरी खर्च चढतो. पूर्ण स्पर्धेत P = MC, म्हणजे भाव आणि सीमांत खर्च समान, दिसलं की तोच समतोल, टिक करून पुढे जा. आणि तोटा दिसला की फर्म बंद.”

चारही विधानं ऐकायला सुटसुटीत आहेत, म्हणूनच ती इतकी फिरतात. पण पर्याय लिहिणारे शिक्षक नेमकी हीच विधानं चुकीचे पर्याय म्हणून पेरतात. हवेत वाद घालण्यापेक्षा एकच कोष्टक घेऊ आणि प्रत्येक विधान त्यावर घासून पाहू.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक कार्यशाळा धरा. जागा आणि कापायचं यंत्र ठरलेलं, त्यांचा रोजचा स्थिर खर्च २७०. कामगाराची रोजची मजुरी १२०, कितीही कामगार घेतले तरी तेवढीच. पुठ्ठ्याचा खर्च हिशेब सोपा राहावा म्हणून सोडून देऊ. उत्पादन गठ्ठ्यांत मोजू. बदलता खर्च म्हणजे इथे फक्त मजुरी, आणि सीमांत खर्च म्हणजे शेवटच्या कामगारामुळे वाढलेल्या दर गठ्ठ्यामागचा जादा खर्च.

| कामगार | एकूण उत्पादन | सीमांत उत्पादन | सीमांत खर्च | सरासरी बदलता खर्च | सरासरी एकूण खर्च |
|---|---|---|---|---|---|
| १ | ८ | ८ | १५ | १५ | ४८.७५ |
| २ | २० | १२ | १० | १२ | २५.५० |
| ३ | ३६ | १६ | ७.५० | १० | १७.५० |
| ४ | ४८ | १२ | १० | १० | १५.६३ |
| ५ | ५८ | १० | १२ | १०.३४ | १५ |
| ६ | ६६ | ८ | १५ | १०.९१ | १५ |
| ७ | ७२ | ६ | २० | ११.६७ | १५.४२ |

आठवा कामगार घेतला तर उत्पादन ७२ वरच राहतं. नववा घेतला तर इतरांच्या पायात येऊन ते कमी होतं, असं समजू.

“उत्पादन घटतं”

घटतं ते सीमांत उत्पादन, म्हणजे शेवटच्या कामगारामुळे पडलेली भर. एक जण कापतो, एक दुमडतो, एक चिकटवतो, इथवर प्रत्येकाच्या हाताला स्वतंत्र काम आहे. चौथा आला की त्याला कापायला यंत्र मोकळं मिळत नाही. तो गठ्ठे बांधतो, पुठ्ठा आणून देतो, त्यामुळे भर पडते, पण १६ ऐवजी १२ गठ्ठ्यांची. घटतं प्रतिफल सुरू झालं ते इथे, चौथ्या कामगारापाशी. आणि एकूण उत्पादन? ३६ वरून ४८, मग ५८, ६६, ७२. घटत्या प्रतिफलाच्या सबंध टप्प्यात ते वाढतच गेलं. ते खाली येतं सीमांत उत्पादन शून्याखाली गेल्यावर, आणि त्याला ऋण प्रतिफल म्हणतात. क्विझमध्ये ‘घटतं’ आणि ‘ऋण’ हे दोन शेजारशेजारचे पर्याय असतात ते उगाच नाही.

चौथा कामगार आळशी किंवा अडाणी आहे म्हणून भर कमी पडली, असाही एक पर्याय हमखास असतो. तोही चूक. सगळे कामगार सारख्याच कुवतीचे धरलेले आहेत. अपुरं पडतंय ते यंत्र. १८१५ च्या सुमारास माल्थस, वेस्ट आणि रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञांनी हा विचार शेतजमिनीसंदर्भात मांडला, तेव्हाही मुद्दा हाच होता: एक घटक वाढवता येत नाही आणि दुसरा त्यावर लादत जायचा. यंत्रही दुप्पट आणि माणसंही दुप्पट केली, तर हा नियम लागूच होत नाही. तिथे प्रश्न प्रमाणाच्या प्रतिफलाचा होतो, जो दीर्घकाळाचा, म्हणजे सगळेच घटक बदलता येतात तेव्हाचा विषय आहे.

“आणि सरासरी खर्च चढतो”

या विधानात अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घोटाळा होतो. घटत्या प्रतिफलाबरोबर त्याच क्षणी चढायला लागतो तो सीमांत खर्च. मजुरी स्थिर असेल तर सीमांत खर्च म्हणजे मजुरी भागिले सीमांत उत्पादन. तिसऱ्या कामगाराचे १६ गठ्ठे १२० मध्ये पडले, म्हणजे गठ्ठा ७.५० ला, चौथ्याचे १२ गठ्ठे तेवढ्याच मजुरीत, म्हणजे गठ्ठा १० ला. एक वक्र दुसऱ्याचं उलटं प्रतिबिंब आहे: सीमांत उत्पादनाचं शिखर तिथे सीमांत खर्चाचा तळ.

सरासरी खर्चाला मात्र घाई नसते. फलंदाजाची सरासरी ३० असेल, मागच्या डावात त्याने ८० केल्या आणि या डावात ५०, तर धावा घटल्या तरी सरासरी वाढतेच, कारण ५० अजून सरासरीच्या वर आहेत. खर्चात हेच उलट्या दिशेने घडतं. सीमांत खर्च चढू लागला तरी जोवर तो सरासरीच्या खाली आहे, तोवर सरासरीला खालीच ओढतो.

कोष्टकात बोट ठेवून पाहा. सीमांत खर्चाचा तळ तिसऱ्या कामगारापाशी. सरासरी बदलत्या खर्चाचा तळ १०, तो चौथ्यापर्यंत टिकतो, कारण चौथ्याचा सीमांत खर्चही नेमका १० आहे. पाचव्यापासून तो चढतो. सरासरी एकूण खर्च पाचव्यालाही उतरतोच आहे, १५.६३ वरून १५ वर. सहाव्याचा सीमांत खर्च १५, सरासरीइतकाच, म्हणून सरासरी जागेवर. सातव्यापाशी ती पहिल्यांदा वर जाते. म्हणजे घटतं प्रतिफल सुरू झाल्यानंतर ३६ वरून ६६ गठ्ठ्यांपर्यंत जाईतो सरासरी एकूण खर्च एकदाही वाढला नाही.

एवढा उशीर का? स्थिर खर्चामुळे. २७० हा आकडा जितक्या जास्त गठ्ठ्यांवर वाटला जातो, तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो: ३६ गठ्ठ्यांवर साडेसात, ६६ वर जेमतेम चार. ही उतरण बदलत्या खर्चाची चढण काही काळ झाकून टाकते. दोन्ही सरासऱ्यांमधलं अंतर म्हणजेच सरासरी स्थिर खर्च, म्हणून आकृतीत ते उजवीकडे अरुंद होत जातं पण शून्य होत नाही. आकृती ओळखा म्हटल्यावर हे अंतर वाढत जाणारी आकृती दिली असेल तर ती तिथेच बाद करावी.

“P = MC दिसलं की टिक”

बाजारभाव १५ धरू. पूर्ण स्पर्धेत ही फर्म भाव ठरवत नाही, घेते. प्रत्येक जादा गठ्ठ्याची प्राप्ती १५. आता कोष्टकात सीमांत खर्च १५ शोधा. तो दोनदा सापडतो: पहिल्या कामगारापाशी आणि सहाव्यापाशी.

पहिल्या जागी थांबलो तर ८ गठ्ठ्यांचे १२० मिळाले आणि खर्च ३९० झाला. तोटा २७०, म्हणजे कुलूप लावून बसलो असतो तरी एवढाच झाला असता. सहाव्या जागी ६६ गठ्ठ्यांचे ९९० मिळतात आणि खर्चही ९९०. सूत्र दोन्हीकडे पाळलं गेलं, पण एका जागी तोटा जास्तीत जास्त आहे आणि दुसऱ्या जागी तो उरतच नाही. फरक एवढाच की पहिल्या जागी सीमांत खर्च उतरतोय. तिथून पुढचा गठ्ठा भावापेक्षा स्वस्तात पडणार असताना थांबणं वेडेपणाचं. म्हणून पूर्ण अट अशी: भाव आणि सीमांत खर्च समान असावेत आणि त्या बिंदूशी सीमांत खर्च चढता असावा. अनेक क्विझमधली कोष्टकं चढत्या भागापासूनच सुरू होतात, त्यामुळे अर्धी अटही चालून जाते, आणि सवय तिथेच लागते.

कधी बरोबर जुळणारा आकडा नसतोच. भाव १४ दिला तर? पाचव्याचा सीमांत खर्च १२, सहाव्याचा १५. पाचवा घ्यायचा, सहावा सोडायचा, उत्पादन ५८. ‘समतोल नाही’ हा पर्याय मोह पाडतो, पण तो चूक.

आणखी एक. भाव २० झाला तर फर्म ७२ पर्यंत जाईल, जिथे सरासरी खर्च १५ नसून १५.४२ आहे. नफा ३३०. (६६ वरही ३३०च, कारण सातव्याचे सहा गठ्ठे नेमके भावालाच पडतात.) सरासरी खर्चाच्या तळाशी थांबायचं हे अल्पकाळात फर्मचं ध्येय नाही. नव्या फर्म येऊन भाव खाली ओढतात तेव्हा दीर्घकाळात ती तिथे येऊन पोचते. तो स्पर्धेचा परिणाम असतो.

“तोटा दिसला की बंद”

भाव १२. पाचव्या कामगारापर्यंत जायचं, ५८ गठ्ठे, प्राप्ती ६९६, खर्च ८७०. तोटा १७४. सूत्रानुसार बंद करा. बंद केलं तर तोटा किती? जागेचे आणि यंत्राचे २७० द्यावेच लागतात. म्हणजे बंद करून ९६ जास्त गमावले. चालू ठेवल्यावर मजुरीचे ६०० भागून हे ९६ उरतात आणि स्थिर खर्चाचा तेवढा भाग निघतो.

भाव ९ झाला की चित्र फिरतं. तीन कामगारांशी थांबलो तर ३२४ मिळतात, मजुरीच ३६० होते. तोटा ३०६. आता मात्र कुलूप लावणं परवडतं. सीमारेषा कुठे, तर सरासरी बदलत्या खर्चाच्या तळाशी, १० वर. भाव १० ते १५ च्या मध्ये असेल तर अल्पकाळात तोटा सोसून काम चालू राहतं. दीर्घकाळात करार संपतो, यंत्र विकता येतं, काहीच स्थिर उरत नाही, आणि तेव्हा तोट्यातली फर्म बाहेर पडते. बंद ठेवणं आणि बाहेर पडणं हे वेगळे निर्णय आहेत. प्रश्नात ‘अल्पकाळ’ लिहिलंय की ‘दीर्घकाळ’ यावर उत्तर पालटतं. भाव १५ ला नफा शून्य आला म्हणूनही कोणी बाहेर पडत नाही, कारण मालकाच्या श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदला खर्चात आधीच धरलेला असतो.

हे समजलं आहे का, हे तपासायला माझ्या आवडीचा प्रश्न हा: भाव १२ असताना स्थिर खर्च २७० वरून ४०० झाला, तर अल्पकाळात उत्पादन किती बदलेल? सीमांत खर्चाचा आणि सरासरी बदलत्या खर्चाचा रकाना पुन्हा लिहून पाहा, एकही आकडा हलत नाही. तोटा १७४ वरून ३०४ होतो, बंद केल्यास ४०० झाला असता, आणि गठ्ठे ५८ चे ५८.