दिवा विझणे म्हणजे शून्य नव्हे

«ट्रान्झिस्टर म्हणजे साधा स्विच. दोन स्विच एकामागे एक जोडले की अँड गेट, शेजारी शेजारी जोडले की ऑर गेट. त्यांनाच पुढे नॉट लावला की नॅन्ड आणि नॉर. सीमॉसमध्ये वरच्या बाजूला जे पीमॉस असतात ते फक्त वीज वाचवण्यासाठी.»

बॅटरी, दोन बटणे आणि दिवा एवढ्यापुरते या दाव्यातले पहिले म्हणणे खरे आहे. बटण सोडले की दिवा आपोआप विझतो, कारण दिव्याला विझायला कुणी काही करावे लागत नाही. गेटचे आउटपुट मात्र दिवा नसते. ती पुढच्या गेटकडे जाणारी तार असते, आणि तिच्या टोकाला बसलेले मॉसफेटचे गेट टर्मिनल म्हणजे जवळजवळ निव्वळ कपॅसिटर. वरचे स्विच बंद केले तर त्या तारेवर आधी साठलेला चार्ज तिथेच राहतो. तार ना एकवर असते ना शून्यावर. ती तरंगत असते. मला या सगळ्या दाव्यात सर्वांत जास्त खटकते ते हेच, कारण विद्यार्थी «जोडलेले नाही» आणि «शून्य» यांत फरक करायला शिकतच नाहीत. शून्य हवे असेल तर तार ग्राउंडला जोडावी लागते. म्हणून आउटपुट पुरवठ्याकडे ओढणारे एक जाळे लागते, त्याला पुल-अप म्हणतात, आणि ग्राउंडकडे ओढणारे दुसरे, ते पुल-डाउन. इनपुट काहीही असो, स्थिरावल्यावर दोहोंपैकी नेमके एकच चालू असले पाहिजे.

सीमॉसमध्ये मॉसफेट दोन जातींचे असतात: एनमॉस इनपुट एक असताना चालू होतो, पीमॉस शून्य असताना. आता कुणी म्हणेल, ठीक आहे, वर दोन एनमॉस एकामागे एक लावू, खाली शेजारी शेजारी दोन पीमॉस लावू, म्हणजे झाला थेट अँड. कागदावर होतो. पण एनमॉस चालू राहायला त्याच्या गेटचे व्होल्टेज सोर्सपेक्षा निदान थ्रेशोल्डइतके वर असावे लागते. समजा पुरवठा ५ व्होल्टचा आणि थ्रेशोल्ड १.५ व्होल्टचा आहे. वर लावलेल्या एनमॉसचा सोर्स म्हणजेच आउटपुट. ते चढत चढत ३.५ व्होल्टवर आले की फरक १.५ उरतो आणि ट्रान्झिस्टर स्वतःच बंद होऊ लागतो. आउटपुट पाचपर्यंत पोचतच नाही. शिवाय सोर्स चिपच्या बॉडीपेक्षा वर चढल्यामुळे थ्रेशोल्ड आणखी वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात ३.५ सुद्धा मिळत नाही. खाली लावलेल्या पीमॉसचे उलटे: तो आउटपुट शून्यापर्यंत उतरवू शकत नाही, थ्रेशोल्डइतके वरच सोडतो. असे दुबळे व्होल्टेज पुढच्या गेटला दिले की तिथला जो ट्रान्झिस्टर पूर्ण बंद व्हायला हवा तो अर्धवट चालू राहतो.

म्हणून एनमॉस खाली आणि पीमॉस वर. आणि ही जागा एकदा ठरली की उलटापालट आपोआप येते: एनमॉस चालू होतो इनपुट एक असताना, पण आउटपुटला ओढतो शून्याकडे. नॉट नंतर चिकटवलेला नसतो, तो रचनेतच असतो. सीमॉसमध्ये नॅन्ड हाच मूळ गेट, त्याला चार ट्रान्झिस्टर लागतात. अँड हवा असेल तर नॅन्डपुढे इन्व्हर्टर लावावा लागतो आणि संख्या सहा होते. दाव्यातला क्रम बरोबर उलटा आहे.

हे हाताने करून पाहायला सीडी४००७ ही १४ पायांची जुनी चिप उत्तम, कारण तिच्यात पीमॉस-एनमॉसच्या तीन जोड्या जवळजवळ सुट्या मिळतात. पाय १४ ला ५ व्होल्ट, पाय ७ ला ग्राउंड. इनपुट ए पाय ६ वर, बी पाय ३ वर. पाय २ हा १४ ला जोडा, म्हणजे दोन्ही पीमॉसचे सोर्स पुरवठ्यावर आले. १, १३ आणि ५ एकत्र जोडा, तेच आउटपुट. पाय ४ आणि ८ जोडले की दोन एनमॉस एकामागे एक येतात. न वापरलेल्या जोडीचा इनपुट, पाय १०, ग्राउंडला लावायला विसरू नका. दोन्ही इनपुट एक असतील तरच खालची वाट जुळते आणि आउटपुट शून्य होते. कोणताही एक शून्य झाला की खालची वाट तुटते आणि त्याच इनपुटचा पीमॉस वरची वाट उघडतो.

खाली सिरीज तर वर पॅरलल, हा योगायोग नाही. डी मॉर्गनचा नियमच इथे तारांत उतरलेला आहे, आणि तो मोठ्या गेटलाही लागू पडतो. `Y = NOT(A·B + C)` घ्या. खाली ए-बी सिरीजमध्ये, आणि त्या जोडीला पॅरलल सी. वर ए-बी पॅरलल, आणि त्यांच्याशी सिरीजमध्ये सी. सहा ट्रान्झिस्टरमध्ये एकच गेट. दाव्याच्या पद्धतीने अँड, ऑर आणि नॉट वेगळे जोडले तर चौदा लागतील. अर्थात सिरीजमध्ये कितीही रचत जाता येत नाही, प्रत्येक जादा ट्रान्झिस्टर वाटेचा रोध वाढवतो. पीमॉसमध्ये होल्स इलेक्ट्रॉनपेक्षा मंद चालतात, म्हणून ज्याच्यात पीमॉस सिरीजमध्ये येतात तो नॉर नॅन्डपेक्षा महाग पडतो.

दाव्याच्या शेवटच्या वाक्यात, पीमॉस फक्त वीज वाचवतात यात, अर्धे सत्य आहे. पीमॉसऐवजी रेझिस्टर लावूनही गेट चालतो. १० किलोओम लावला तर आउटपुट शून्य असेपर्यंत ५ व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर सतत वाहतो. ती वीज वाचवायला १ मेगओम लावला तर १५ पिकोफॅरडची तार भरण्याचा कालस्थिरांक १५ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे गेट पार मंदावतो. पीमॉस या दोन्ही अडचणी सोडवतो, पण त्याचे काम वीज वाचवणे नव्हे, एक देणे हे आहे.

खात्री करायची असेल तर २ आणि १४ मधली तार काढा. ए ला एक आणि बी ला शून्य द्या. आता वरचीही वाट नाही, खालचीही नाही. नुसता मल्टिमीटर लावाल तर फसाल: त्याच्या १० मेगओममधून चार्ज निघून जातो आणि तो स्वच्छ शून्य दाखवतो. त्याऐवजी मीटर आउटपुटवर ठेवून १ मेगओमचा रेझिस्टर आधी ५ व्होल्टकडे आणि मग ग्राउंडकडे जोडा. सुमारे ४.५ व्होल्टवरून वाचन शून्यावर आले तर तार तरंगते आहे. निरोगी गेट दोन्ही वेळा ५ व्होल्टवरच ठाम राहतो.

चिपच्या आत हाच दोष आला की तो जास्त दगा देतो. आधी ए शून्य असेल तर दुसऱ्या पीमॉसने आउटपुट एकवर नेऊन ठेवलेले असते, चार्ज टिकतो आणि तुटलेला गेट बरोबर उत्तर देताना दिसतो. म्हणून चाचणीत आधी दोन्ही इनपुट एक करून आउटपुट शून्यावर आणतात आणि लगेच, गळतीने चार्ज बदलायच्या आत, फक्त बी शून्य करतात. आउटपुट शून्यावरच राहिले तर बी चा पीमॉस तुटलेला आहे.